टीव्हीवर चित्र येतंय पण साउंडबार गप्प: एआरसी आणि ऑडिओ फॉरमॅटचा घोळ कुठल्या क्रमाने सोडवायचा

साउंडबार आणला, एचडीएमआय केबल लावली, टीव्हीवर चित्र झकास आणि बारमधून चकार शब्द नाही, ही तक्रार इतक्या वेळा कानावर येते की म्हटलं एकदा नीट क्रमाने लिहूनच काढू. बहुतेक जण काय करतात, आवाज आला नाही की आधी नवीन केबल मागवतात, मग मेनूत घुसून दिसेल ते चालू-बंद करतात, आणि शेवटी टीव्ही फॅक्टरी रिसेट करून सगळ्या ॲपचे पासवर्ड पुन्हा टाकत बसतात. एवढं करूनही आवाज येत नाही, कारण मुळात बिघाड कुठल्या जातीचा आहे तेच बघितलेलं नसतं.

बिघाड दोन जातींचे असतात. एक म्हणजे टीव्हीपासून बारपर्यंत आवाज जायचा रस्ताच बंद आहे. दुसरी म्हणजे रस्ता चालू आहे, आवाज बारपर्यंत पोचतोय, पण तो ज्या फॉरमॅटमध्ये पोचतोय तो बारला कळत नाही म्हणून बार गप्प बसतो. दोन्हींचे उपाय पूर्ण वेगळे आहेत.

## तयारी: आधी फक्त बघायचं, काही बदलायचं नाही

टीव्हीचा रिमोट, बारचा रिमोट आणि मोबाईल जवळ घ्या. मोबाईल कशाला, तर टीव्हीच्या साउंड मेनूचे आहेत तसे फोटो काढून ठेवायला, म्हणजे नंतर मूळ काय होतं ते आठवत बसायला नको.

आता बारचा आवाज मध्यम ठेवून या तीन गोष्टी लावून बघा:

1. टीव्हीच्या आतल्या यूट्यूबवर कुठलंही साधं गाणं.
2. टीव्हीच्या आतल्याच नेटफ्लिक्ससारख्या ॲपवर एखादा सिनेमा, शक्यतो जिथे 5.1 किंवा डॉल्बीची खूण दिसते असा.
3. सेट टॉप बॉक्सवर नेहमीचं बातम्यांचं चॅनेल.

तिन्हीकडे शांतता असेल तर रस्ता बंद आहे, टप्पा 1 पासून सुरू करा. यूट्यूब आणि बातम्या वाजतायत पण सिनेमा मुका आहे, तर फॉरमॅटची भानगड आहे, थेट टप्पा 4 वर जा, केबलला हातही लावू नका. आवाज येतो, मधेच जातो, परत येतो असं असेल तर टप्पा 5.

तपासा: टीव्हीला कुणाचे ब्लूटूथ इअरफोन जोडलेले राहिलेत का? रात्री मुलाने इअरफोन लावून मॅच बघितलेली असते आणि सकाळी आजोबांना वाटतं साउंडबार बिघडला. हसू नका, हे खरंच होतं.

## टप्पा 1: केबल बरोबर भोकात आहे का

एआरसी म्हणजे ऑडिओ रिटर्न चॅनेल. एरवी एचडीएमआयमधून चित्र-आवाज टीव्हीच्या *आत* येतात, एआरसीमध्ये त्याच केबलमधून आवाज उलट्या दिशेने टीव्हीतून *बाहेर* बारकडे जातो. पण ही उलटी वाट टीव्हीच्या सगळ्या एचडीएमआय पोर्टना नसते, साधारण एकालाच असते आणि त्याच्यावर `ARC` किंवा `eARC` असं छापलेलं असतं. कधी ते दोन नंबरला असतं, कधी तीन नंबरला, कंपनीप्रमाणे बदलतं. टीव्ही भिंतीला टांगलेला असेल तर मागे हात घालून चाचपडण्यापेक्षा मोबाईल मागे सरकवून फोटो काढा, अक्षरं स्पष्ट दिसतात.

बारच्या बाजूला जास्त चुका होतात. ज्या बारला दोन एचडीएमआय पोर्ट असतात त्यातला एक `HDMI IN` असतो आणि दुसरा `HDMI OUT`, आणि या `OUT` च्या शेजारीच `ARC` किंवा `TV` लिहिलेलं असतं. माणूस विचार करतो की आवाज बारच्या आत जायचाय म्हणजे केबल `IN` मध्ये लावायची, आणि तिथेच फसतो. टीव्हीची केबल `OUT` मध्येच जाते. `IN` हे फायर स्टिक किंवा प्लेअर थेट बारला जोडण्यासाठी असतं.

केबलबद्दल थोडंसं. साध्या एआरसीला बरी हायस्पीड केबल बहुतेक वेळा चालते, ई-एआरसी म्हणजे त्याची नवी, जड फॉरमॅटही नेणारी आवृत्ती, तिच्यासाठी मात्र इथरनेटवाली हायस्पीड किंवा अल्ट्रा हायस्पीड घ्या. फ्लॅटचं फर्निचर करताना भिंतीतल्या पाइपमधून ओढलेली जुनी लांब केबल असेल तर तिच्यावर संशय घ्यायला हरकत नाही, पण नवीन आणायच्या आधी बारसोबत खोक्यात आलेली छोटी केबल बाहेरून तात्पुरती लावून बघा.

सावधान: केबल काढ-घाल करताना टीव्ही, बार आणि सेट टॉप बॉक्स तिन्हींचे प्लग बोर्डातून काढा, नुसतं रिमोटने बंद करून भागत नाही. आपल्याकडे बऱ्याच घरांत अर्थिंग यथातथाच असतं आणि छत्रीची केबल गच्चीवरून आलेली असते, चालू असताना केबल घुसवली तर पोर्ट उडायची भीती असते.

## टप्पा 2: बारला सांगा की ऐकायचं कुठून

बारला स्वतःचे इनपुट असतात: ब्लूटूथ, ऑप्टिकल, ऑक्स, यूएसबी, एचडीएमआय. काल त्याच्यावर मोबाईलची गाणी वाजवली असतील तर आज तो ब्लूटूथवरच अडकून बसलेला असू शकतो. बारच्या रिमोटवर `SOURCE` किंवा `INPUT` दाबत दाबत डिस्प्लेवर `ARC`, `eARC`, `TV` किंवा `TV ARC` येईपर्यंत जा. काही बारला डिस्प्लेच नसतो, फक्त रंगीत लाइट असतो, तिथे कुठला रंग म्हणजे कुठला इनपुट हे मॅन्युअलमध्ये बघावंच लागतं, अंदाजाने जमत नाही.

ऑप्टिकल आणि एचडीएमआय दोन्ही केबल एकदम लावून ठेवू नका. "दोन असल्या की एक तरी चालेल" असं वाटतं खरं, पण मग नक्की कुठला इनपुट वाजतोय ते कळत नाही आणि सगळी तपासणी फुकट जाते.

## टप्पा 3: टीव्हीत दोन गोष्टी चालू करा

पहिली गोष्ट म्हणजे सीईसी. एका रिमोटने दुसरं यंत्र हलवायची ही सोय आहे, आणि साधं एआरसी तिच्या जोरावरच सुरू होतं, म्हणजे टीव्ही आणि बार सीईसीवरून आधी एकमेकांशी बोलतात आणि मग आवाजाची वाट उघडते. लोकांना हे माहीत नसतं, आणि "टीव्ही बंद केला की बॉक्सपण बंद होतो" म्हणून वैतागून कुणीतरी सीईसी बंद करून टाकलेलं असतं. मेनूत हे नाव सरळ सापडत नाही, कारण प्रत्येक कंपनीने वेगळं बारसं केलंय: सॅमसंगमध्ये `Anynet+`, एलजीमध्ये `SIMPLINK`, सोनीमध्ये `BRAVIA Sync`, पॅनासॉनिकमध्ये `VIERA Link`, फिलिप्समध्ये `EasyLink`. बारमध्येही सीईसी किंवा कंट्रोल नावाचं वेगळं बटण असेल तर तेही चालू हवं.

दुसरी गोष्ट म्हणजे आवाज कुठून काढायचा ते. साउंड मेनूत `Sound Output`, `Sound Out` किंवा `Speakers` असं काहीतरी असतं, तिथे `TV Speaker` च्या जागी `HDMI ARC`, `Audio System`, `Receiver` किंवा थेट बारचं नाव निवडा. टीव्हीचं अपडेट झालं की किंवा लाइट अचानक गेली की ही निवड कधीकधी आपोआप परत टीव्ही स्पीकरवर येते, काल चालत होतं आज नाही याचं हे नेहमीचं कारण.

एवढं झालं की थंड रिस्टार्ट. सगळ्यांचे प्लग काढा, दोन-तीन मिनिटं थांबा, सेट टॉप बॉक्स आणि फायर स्टिकच्या एचडीएमआय केबल टीव्हीतून तात्पुरत्या काढून ठेवा म्हणजे सीईसीवर फक्त टीव्ही आणि बार दोघंच उरतील. मग आधी टीव्ही लावा, तो पूर्ण चालू होऊ द्या, नंतर बार लावा.

तपासा: टीव्हीच्या रिमोटने आवाज वाढवा. स्क्रीनवर साउंडबारची किंवा रिसीव्हरची खूण आली किंवा बारवरचा आकडा हलला, तर दोघांचं बोलणं सुरू झालंय. टीव्ही स्पीकरचीच पट्टी दिसत असेल तर नाही झालंय, टप्पा 1 पासून परत. खूण दिसतेय, आकडा हलतोय आणि तरी आवाज नाही, तर रस्ता मोकळा आहे आणि अडचण फॉरमॅटची आहे, पुढे चला.

बाकीच्या केबल परत लावताना एकेक करून लावा. एखादी लावल्यावर आवाज गेला तर त्या यंत्राच्या सेटिंगमधलं सीईसी बंद करा, टीव्हीचं नाही.

## टप्पा 4: फॉरमॅट जुळवा

इथे जरा निवांत वाचा, कारण खरा गोंधळ इथेच आहे.

टीव्ही आवाज दोन तऱ्हांनी पाठवू शकतो. एक, स्वतः उलगडून साध्या स्टिरिओमध्ये, त्याला पीसीएम म्हणतात, आणि तो जवळजवळ प्रत्येक बारला कळतो. दोन, डॉल्बी किंवा डीटीएसचं बांधलेलं गाठोडं जसंच्या तसं, ते बारने स्वतः सोडायचं. बारला ते गाठोडं सोडता येत नसेल तर शांतता, किंवा त्याहून वाईट म्हणजे कर्रकर्र, टकटक असा कर्कश आवाज.

कुठल्या वाटेने काय जातं हे साधारण असं: ऑप्टिकलमधून स्टिरिओ पीसीएम, साधं डॉल्बी डिजिटल आणि साधं डीटीएस एवढंच. एआरसीमधून तेच सगळं, आणि दोन्ही बाजूंची तयारी असेल तर डॉल्बी डिजिटल प्लसही. मल्टिचॅनेल पीसीएम आणि डॉल्बी ट्रूएचडीसारखे जड फॉरमॅट फक्त ई-एआरसीमधून. नेटफ्लिक्ससारखी ॲप 5.1 साठी बहुतेक डॉल्बी डिजिटल प्लस वापरतात, यूट्यूबवरचा नेहमीचा मजकूर स्टिरिओ असतो, म्हणून यूट्यूब वाजतं आणि सिनेमा मुका राहतो.

आता टीव्हीत हे सेटिंग शोधा. नाव असेल `Digital Sound Output`, `Digital Output Audio Format` किंवा `Digital audio out`, आणि ते बऱ्याचदा `Advanced` किंवा `Expert Settings` च्या आत दडवलेलं असतं.

सावधान: यातलं काहीही बदलायच्या आधी बारचा आवाज अगदी खाली आणा. पीसीएम आणि डॉल्बीची पातळी सारखी नसते, आणि चुकीचा फॉरमॅट गेला तर निघणारी कर्कश खरखर मोठ्या आवाजात स्पीकरला आणि कानाला दोन्हीला बरी नाही.

1. जो सिनेमा मुका आहे तोच लावून ठेवा आणि सेटिंग `PCM` करा. सिनेमा एकदा बंद करून पुन्हा चालू करा, काही ॲप चालू असताना फॉरमॅट बदलत नाहीत. आवाज आला? मग केबल, पोर्ट, बार सगळं ठीक आहे, फक्त फॉरमॅट जुळत नव्हता हे सिद्ध झालं.
2. आता `Auto` करून बघा. यात टीव्ही बारला विचारतो की बाबा तुला काय काय कळतं, आणि त्याप्रमाणे पाठवतो, गरज पडली तर डॉल्बी डिजिटल प्लसचं साधं डॉल्बी डिजिटल करून देतो. आवाज टिकला तर इथेच ठेवा.
3. `Auto` वर परत मुका झाला आणि यादीत `Dolby Digital` वेगळं दिसत असेल तर ते निवडा.
4. तेही नसेल किंवा जमत नसेल तर `PCM` वर राहा. 5.1 जाईल, स्टिरिओ मिळेल. दोन स्पीकरचा बार असेल तर फार काही गमावलेलं नाही, उगाच मन खट्टू करू नका.

`Pass Through` ला मी मुद्दाम यादीत घेतलं नाही. त्यात टीव्ही काहीच बदल करत नाही, जे आलं ते तसंच पुढे ढकलतो, बारला कळो न कळो. इंटरनेटवर "बेस्ट क्वालिटीसाठी पास थ्रू करा" असं सर्रास सांगतात आणि ज्याच्याकडे ई-एआरसीवाला, सगळे फॉरमॅट कळणारा बार आहे त्याच्यासाठी ते बरोबरही आहे, बाकीच्यांनी त्याच्या नादी लागू नये.

एक उदाहरण देतो. आमच्या इमारतीतल्या एका काकांकडे टीव्ही नवा, ई-एआरसीवाला, आणि बार मुलाकडून आलेला जुना, ज्याच्यावर नुसतं डॉल्बी डिजिटल लिहिलंय. मालिका वाजतात, यूट्यूबवरची कीर्तनं वाजतात, ओटीटीवरचा सिनेमा लावला की शांत. काकांनी दोन केबल बदलल्या होत्या. पण वाजणारं सगळं स्टिरिओ आणि मुकं सगळं 5.1, म्हणजे केबलचा प्रश्नच नव्हता. मेनू उघडला तर `Pass Through`. टीव्ही डॉल्बी डिजिटल प्लस तसंच पाठवत होता आणि जुन्या बारला प्लस कळतच नव्हतं. `PCM` केलं, सिनेमा पुन्हा लावला, आवाज आला. मग `Auto` केलं, तरी आवाज राहिला आणि बारच्या डिस्प्लेवर डॉल्बीचं नाव आलं, म्हणजे टीव्हीने प्लसचं साधं करून दिलं. काकू म्हणाल्या, "अहो, मग त्या दोन केबल परत करा आता."

फक्त फायर स्टिक किंवा सेट टॉप बॉक्स मुका असेल तर टीव्हीचं सेटिंग सोडा, त्या यंत्राचं स्वतःचं ऑडिओ सेटिंग बघा. फायर टीव्हीत `Display & Sounds`, त्यात `Audio`, त्यात `Surround Sound` असतं, ते तात्पुरतं `PCM` करून बघा. सेट टॉप बॉक्समध्ये साउंड किंवा ऑडिओखाली डॉल्बी आणि स्टिरिओ असे पर्याय मिळतात, तिथे स्टिरिओ करून तपासा. ठराविक एचडी चॅनेलवरच आवाज जातो या तक्रारीत बऱ्याचदा दोष इथे सापडतो.

पेनड्राइव्हवरचा सिनेमा मुका असेल तर आधी आवाज टीव्ही स्पीकरवर घ्या. तिथेही शांत असेल, किंवा ऑडिओ फॉरमॅट सपोर्ट नाही असा मेसेज आला, तर फाइलमधला आवाज डीटीएस असण्याची शक्यता मोठी आहे. बऱ्याच नव्या टीव्हीतून डीटीएस काढलेलं आहे, सॅमसंगने तर 2018 च्या मॉडेलपासूनच. बारवर डीटीएस लिहिलेलं असलं तरी टीव्हीच पुढे पाठवत नसेल तर उपयोग नाही. फाइलमध्ये दुसरा ऑडिओ ट्रॅक असेल तर तो निवडा. नसेल आणि घरात कुणाला कॉम्प्युटरवर कमांड चालवता येत असेल, तर चित्राला हात न लावता फक्त आवाज डॉल्बी डिजिटलमध्ये बदलता येतो:

```
ffmpeg -i film.mkv -map 0 -c copy -c:a ac3 -b:a 640k film-ac3.mkv
```

## टप्पा 5: आवाज येतो-जातो, तेव्हा ई-एआरसी

दोन्हीकडे ई-एआरसी असूनही दर थोड्या वेळाने आवाज तुटत असेल तर आधी टप्पा 1 मधली चांगली केबल. तिनेही तुटत असेल तर टीव्हीत `eARC` हे `Off` करून बघा. असं केलं की दोघं साध्या एआरसीवर उतरतात. आणि इथे एक खाच आहे: ई-एआरसी आपलं बोलणं सीईसीशिवाय करू शकतं, साधं एआरसी नाही. म्हणजे सीईसी बंद असतानाही तुमचा बार आतापर्यंत चालत असू शकतो आणि ई-एआरसी बंद केल्याबरोबर पूर्ण मुका होईल. म्हणून आधी सीईसी चालू, मग ई-एआरसी बंद, मग थंड रिस्टार्ट, हाच क्रम.

साध्या एआरसीवर आवाज स्थिर राहिला तर दोन्ही यंत्रांचं सॉफ्टवेअर अपडेट करा आणि मग परत ई-एआरसी लावून बघा. बारचं अपडेट लोक विसरतातच, ते कंपनीच्या मोबाईल ॲपवरून किंवा पेनड्राइव्हवरून करावं लागतं.

## टप्पा 6: एवढं करूनही गप्पच

आता ऑप्टिकल केबल घ्या, दोन्ही टोकांच्या प्लास्टिकच्या टोप्या काढायला विसरू नका, आणि एचडीएमआय पूर्ण काढून ऑप्टिकलने जोडा. टीव्हीत आउटपुट `Optical`, फॉरमॅट `PCM`, बारवर ऑप्टिकल इनपुट.

ऑप्टिकलवर वाजलं तर बार जिवंत आहे आणि एआरसीची वाट मेली आहे. "पण त्याच पोर्टला सेट टॉप बॉक्स लावला तर चित्र-आवाज येतो, मग पोर्ट खराब कसा?" असं विचारलं जातं. चित्र ज्या पिनांवरून येतं त्यांच्यावर एआरसी जात नाही, त्याची वाट वेगळी आहे, त्यामुळे एक चालू आणि दुसरं बंद हे सहज होऊ शकतं. टीव्ही वॉरंटीत असेल तर तक्रार नोंदवताना सरळ सांगा: चित्र येतं, ऑप्टिकलवर आवाज येतो, पीसीएमवरही एआरसी चालत नाही, दुसरी केबल लावून बघितली. नाहीतर माणूस येऊन रिसेट मारून निघून जातो.

वॉरंटी संपली असेल तर बोर्ड बदलण्याच्या खर्चात पडण्यापेक्षा ऑप्टिकलवरच चालवा. टीव्हीच्या रिमोटने बारचा आवाज सहसा कमी-जास्त होणार नाही, त्यासाठी बारचा रिमोट हाताशी ठेवावा लागेल, आणि डॉल्बी डिजिटल प्लस त्यातून जाणार नाही, बाकी काही अडत नाही.

ऑप्टिकल आणि ब्लूटूथ दोन्हींवर बार मुका असेल तर मात्र बारच दुकानात न्या. आवाज आलेला असेल तर साउंड मेनूचे नवे फोटो काढून ठेवा, पुढच्या अपडेटनंतर आधी तेच ताडून बघायचे.